फोनवर नंबरच दिसत नाही, तेव्हा काय समजायचं आणि काय करायचं?

मावळकर मित्रांनो, पोस्ट लांब आहे, पण निवांत वाचा. घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

गेल्या काही महिन्यांत कामशेत, वडगाव, लोणावळा या पट्ट्यातल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "फोन वाजला, पण नंबरच आला नाही. नुसतं Private number आलं. कोण असेल? उचलायचा का?" आयफोनवाल्यांना त्याच जागी No Caller ID दिसतं. चहाच्या टपरीवर याची दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणजे असा फोन पोलिसांचा किंवा मोठ्या साहेबाचाच असतो, त्यामुळे उचललाच पाहिजे. दुसरं म्हणजे असा फोन हॅकरचा असतो, उचलला की बँक खातं साफ.

दोन्ही उत्तरं धरून चाललात तर गोत्यात याल. नुसता फोन उचलून खात्यातले पैसे जात नाहीत. पैसे जातात ते आपण बोलताना काही सांगितलं, कुठे काही दाबलं, कुणाच्या सांगण्यावरून एखादं अ‍ॅप टाकलं किंवा स्वतःच्या हाताने पाठवले म्हणून. आणि नंबर झाकलेला आहे म्हणजे समोरचा साहेबच आहे, असंही काही नाही. मग नंबर का दिसत नाही?

आधी हे समजून घेऊ की नंबर आपल्या स्क्रीनवर येतो कसा. आपण फोन लावला की आवाज जायच्या आधी कंपन्यांच्या एक्स्चेंजमध्ये निरोप फिरतो. अमुक नंबरवरून तमुक नंबरला कॉल आहे, जोडून द्या. या निरोपात फोन करणाऱ्याचा नंबर असतो आणि त्याच्यासोबत एक छोटीशी खूण असते. ही खूण तीनपैकी एक गोष्ट सांगते. नंबर दाखवा, नंबर दाखवू नका, किंवा नंबर उपलब्धच नाही. आपल्या बाजूची कंपनी ती खूण वाचते आणि आपल्या हँडसेटला नंबर द्यायचा की नाही ते ठरवते.

नीट बघा. "दाखवू नका" अशी खूण असली तरी नंबर आपल्या कंपनीपर्यंत आलेला असतो. झाकलेला असतो तो फक्त तुमच्या-माझ्यापासून. सरकारी टपाल हाती पडतं तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव चिठ्ठीने झाकलेलं असावं, पण पोस्टाच्या वहीत ते लिहिलेलं असावं, तसंच हे. म्हणून "नंबर आला नाही म्हणजे पुरावाच नाही, तक्रार करून काय उपयोग" असं म्हणून बसायचं नाही. त्यावर पुढे येतोच.

"नंबर उपलब्धच नाही" हा प्रकार वेगळा. तिथे नंबर वाटेतच गळून पडलेला असतो. परदेशातून आलेला कॉल दोन-तीन कंपन्यांच्या हातातून फिरत येतो. स्वस्तात मिनिटं विकणारी अ‍ॅप आणि कॉलिंग कार्डं तर आणखी आडवाटेने कॉल पाठवतात. त्यातल्या एखाद्या कंपनीने नंबर पुढे दिलाच नाही, किंवा आपल्या यंत्रणेला कळणार नाही अशा रूपात दिला, तर आपल्याकडे येतो तो बिननावाचा, बिननंबराचा कॉल. हँडसेटवर यासाठी बऱ्याचदा Unknown असा शब्द येतो, आणि झाकलेल्या नंबरासाठी Private number किंवा No Caller ID. पण या शब्दांवर फार भिस्त ठेवू नका. वाटेतलं एखादं एक्स्चेंज एका खुणेच्या जागी दुसरी खूण लावून मोकळं होतं, आणि प्रत्येक हँडसेटची भाषाही थोडी वेगळी असते.

आता मुद्द्याचं. आपल्या देशात नंबर झाकायची परवानगी कुणाला आहे?

अमेरिकेत नंबराच्या आधी *67 लावलं, ब्रिटनमध्ये 141 लावलं, की कुणीही आपला नंबर त्या कॉलपुरता झाकू शकतो. आपल्याकडे तसं नाही. यूट्यूबवर #31# लावा म्हणून सांगणारे ढीगभर व्हिडिओ आहेत, पण सर्वसाधारण जोडणीला ही सुविधा चालू करून दिलेलीच नसते. त्यामुळे कोड लावूनही एकतर कॉल लागत नाही, किंवा लागला तर नंबर सरळ दिसतो. या सुविधेला सीएलआयआर म्हणतात. ती छाननी करूनच दिली जाते. गुप्तचर यंत्रणांचे अधिकारी, अतिमहत्त्वाच्या व्यक्ती, आणि योग्य कारण दाखवणारे मोजके ग्राहक यांनाच ती मिळते. ज्यांना दिली त्यांची नावं, पूर्ण पत्ते पासवर्ड लावलेल्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात, म्हणजे अधिकृत सरकारी यंत्रणांना ते केव्हाही बघता येतात.

आणि दूरसंचार परवान्याच्या अटींमध्ये एक वाक्य आहे, ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. एकगठ्ठा जोडण्या घेणारे, कॉल सेंटर आणि टेलिमार्केटिंगवाले यांना ही सुविधा द्यायची नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.

याचा अर्थ काय होतो बघा. बँकेचं कॉल सेंटर, विमा कंपनी, कुरिअर, गॅस एजन्सी, कर्ज वसुलीवाले, क्रेडिट कार्ड विकणारे, यांच्यापैकी कुणीही कायद्याने तुम्हाला नंबर झाकून फोन करू शकत नाही. उलट बँकांना तर ग्राहकांना व्यवहाराबाबत फोन करायचे असतील तर 1600 ने सुरू होणारे नंबर वापरायला रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 च्या परिपत्रकात सांगितलं, आणि जाहिरातीच्या फोनसाठी 140 ने सुरू होणारे. तेव्हा स्क्रीनवर Private number आणि पलीकडून "बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी बंद पडलंय" असं ऐकू आलं, तर पुढे काही ऐकायचीच गरज नाही. ते दोन्ही एकत्र खरं असू शकत नाही.

मग उरतं कोण? एक, ज्याला खरोखर परवानगी आहे असा अगदी मोजका वर्ग. दोन, परदेशातून आलेला कॉल, ज्याचा नंबर तिकडेच झाकला किंवा वाटेत गळला. तीन, इंटरनेटवरून मुद्दाम आडवाटेने आत सोडलेला कॉल. आपल्यासारख्यांना पहिल्या वर्गातला फोन आयुष्यात फार तर एखाद-दुसरा येईल. जे येतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचे. आणि अडचण अशी की दोन्ही स्क्रीनवर अगदी सारखे दिसतात.

माझ्या मामांचंच उदाहरण सांगतो. मामा उर्से भागातले. पुण्याच्या रिंग रोडचा पश्चिम भाग उर्से गावापासून सुरू होऊन मावळ, मुळशी, हवेली, भोर असा जातो हे तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे त्या बाजूला कोणाच्या तोंडी दुसरा विषय नसतो. कोणाची जमीन गेली, कोणाचे पैसे आले, कोणाची वारस नोंद अडकली.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. सकाळी अकराच्या सुमाराला मामांच्या फोनवर Private number आलं. पलीकडचा माणूस अगदी स्वच्छ मराठीत बोलत होता. "भूसंपादन कार्यालयातून बोलतोय. तुमच्या गट नंबरची मोबदल्याची फाइल माझ्या टेबलावर आहे. वारस नोंदीत त्रुटी निघाली आहे. आज पाच वाजेपर्यंत साडेअठरा हजार प्रक्रिया शुल्क भरलं नाही तर फाइल परत जाईल. आणि फोन कट करू नका, लाइनवर राहूनच भरा." त्याने गट नंबर बरोबर सांगितला. मामांचं पूर्ण नाव, त्यांच्या दोन भावांची नावं, सगळं बरोबर.

मामा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आरं, त्याला समदं ठाऊक हाय. सायबच असंल. नंबर बी दिसत न्हाई, मोठा असनार."

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, आणि ती फक्त मामांची नाही, आपल्या सगळ्यांची होते. पहिली गोष्ट, "त्याला सगळं ठाऊक आहे". सातबारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. तालुका, गाव, गट नंबर टाकला की खातेदारांची नावं समोर. गटावर बसलेल्या भावांची नावं कळायला कुठल्या कार्यालयात बसायला लागत नाही, फोन आणि पाच मिनिटं पुरतात. दुसरी गोष्ट, "नंबर दिसत नाही म्हणजे मोठा". सरकारी कार्यालयातला टेबलावरचा फोन साधा असतो, त्याचा नंबर दिसतो. भूसंपादनाची फाइल बघणाऱ्या माणसाला आपला नंबर लपवायचं काही कारणच नाही. नोटीस लेखी येते, तिच्यावर जावक क्रमांक असतो, आणि मोबदला सरकार आपल्या खात्यात जमा करतं. तो मिळावा म्हणून कुणाला फोनवरून पैसे पाठवायचे नसतात.

मी मामांकडून फोन घेतला. म्हटलं, "मी त्यांचा भाचा बोलतोय. साहेब, तुमचं नाव, हुद्दा, कार्यालय सांगा. आणि ज्या पत्राने त्रुटी कळवली त्याचा जावक क्रमांक द्या. आम्ही पाच मिनिटांत कार्यालयाच्या नंबरवर उलटा फोन करतो."

नाव सांगितलं, आडनावासकट. हुद्दा सांगितला. जावक क्रमांक म्हटल्यावर आवाज चढला. "तुम्हाला पैसे नकोत का? फाइल परत पाठवू का? फोन ठेवलात तर जबाबदारी तुमची." मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आम्ही उलटा फोन करतो. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यानेच फोन ठेवला.

दुपारी मामा आणि मी तलाठ्याकडे जाऊन आलो. कसलंही शुल्क नव्हतं, कसली त्रुटीही नव्हती. कुणी फोन केला नव्हता.

आता त्याच दिवशीचा दुसरा फोन. संध्याकाळी साडेसातला पुन्हा Private number. मामांनी उचलला नाही. परत आला, नाही उचलला. तिसऱ्यांदा आला, तेव्हा मामी म्हणाल्या, "वाजू द्या, त्योच मेला असंल." थोड्या वेळाने माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर मामेभावाचा मेसेज. तो मस्कतला फिटर आहे. "दादा, घरी सगळं ठीक आहे ना? आबा फोन उचलत नाहीत." त्याने एका स्वस्त कॉलिंग अ‍ॅपवरून लावला होता. तिकडून निघताना त्याचा नंबर होता, इकडे पोचेपर्यंत गळला.

एकाच दिवसात, एकाच हँडसेटवर, अगदी तेच दोन शब्द. सकाळी लुटणारा, संध्याकाळी पोटचा पोरगा. म्हणून मी म्हणतो, स्क्रीनवरच्या त्या शब्दांवरून माणूस ओळखायला जाऊ नका. ते शब्द फक्त कॉल कुठल्या वाटेने आला एवढंच सांगतात, तेही अर्धवट.

मग ओळखायचं कशावरून? माझ्या मते एकच कसोटी पुरेशी आहे. आपल्याला त्या माणसाला उलटा फोन करता येतो का? त्याने दिलेल्या नंबरवर नाही हं. आपण स्वतः दुसरीकडून मिळवलेल्या नंबरवर. पासबुकवरचा, नोटिशीवरचा, कार्यालयाच्या पाटीवरचा, किंवा आपल्या फोनमध्ये आधीपासून असलेला. खरा माणूस म्हणतो, हो, करा. मामेभावाला म्हटलं की फोन ठेव, मी लावतो, तर तो लगेच ठेवेल. लुटणाऱ्याला मात्र हे परवडत नाही. नंबर झाकण्यात त्याचा फायदाच हा असतो की आपण उलटा फोन करू शकत नाही. म्हणून तर "लाइनवरच राहा, कट करू नका" हा त्याचा आग्रह. हे वाक्य ऐकू आलं की फोन ठेवायला तेवढं कारण पुरे.

घरात साधा नेम करा. असा फोन आला आणि आपण कुणाच्या फोनची वाट बघत नसलो, तर वाजू द्या. खरं काम असेल तर तो माणूस मेसेज करेल, दुसऱ्याकडे निरोप ठेवेल, परत लावेल. उचललाच तर आपलं नाव आपण आधी सांगायचं नाही. "कोण बोलतंय, कुणाला हवंय?" एवढंच. त्यालाच बोलू द्या. ओटीपी, आधारचा नंबर, खात्याचा नंबर काही सांगायचं नाही. परदेशी मुलं-नातवंडं असतील त्यांना सांगून ठेवा की फोनच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन शब्द टाका, "आता लावतोय". आमच्या मामांकडे आता तेच चालतं. मेसेज आला असेल तर मामी पहिल्या रिंगला उचलतात.

इथे एक उलटी गोष्टही सांगायला हवी. नंबर दिसला म्हणजे माणूस खरा, असंही समजू नका. परदेशातून कॉल करून स्क्रीनवर +91 चा आपल्यासारखाच नंबर दाखवायचा धंदा मोठा आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाने 22 ऑक्टोबर 2024 ला असे कॉल सीमेवरच अडवणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या 24 तासांत सुमारे 1 कोटी 35 लाख कॉल अडवले गेले. एका दिवसात! मग ही मंडळी दुसरी वाट धरतात. सिमबॉक्स नावाचं यंत्र असतं. त्यात शेकड्यांनी सिमकार्डं बसतात. परदेशातला कॉल इंटरनेटवरून या यंत्रात येतो आणि तिथल्या एखाद्या सिमकार्डावरून आपल्याला साध्या लोकल कॉलसारखा लागतो. ऑगस्ट 2024 मध्ये एटीएसने पुण्यात कोंढव्यात असंच एक बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज पकडलं. त्यात 7 सिमबॉक्स आणि 3,788 सिमकार्डं सापडली. म्हणजे आपल्यापासून तास-दीड तासावर. अशा कॉलला नंबर दिसतो, पण त्या नंबरवर उलटा फोन केला तर बोलणारा माणूस तिथे नसतोच. बघा, कसोटी परत तीच लागू पडते.

बरेच जण म्हणतात, ट्रूकॉलर आहे ना माझ्याकडे. ट्रूकॉलर नंबरावरून नाव शोधतं. जिथे हँडसेटपर्यंत नंबरच पोचला नाही, तिथे ते काय शोधणार? फोन करणाऱ्याचं नाव कंपनीच्या नोंदीवरून दाखवायची नवी योजना येते आहे, तिचंही तेच. ज्यांना नंबर झाकायची परवानगी आहे त्यांचं नावही त्यात दिसणार नाही.

आता सेटिंगबद्दल, आणि हे खास करून लोणावळा, खंडाळा, कार्ला, पवनानगरच्या बंगलेवाल्यांसाठी, होमस्टेवाल्यांसाठी. तुंगार्लीतल्या एका ओळखीच्या बंगलेवाल्याने अशा फोनांना कंटाळून आयफोनमधलं Silence Unknown Callers चालू केलं. शनिवार-रविवार गेला, फोन शांत. त्याला वाटलं पावसामुळे गिऱ्हाईक कमी. सोमवारी कॉल लिस्ट उघडून बघितली तर मिस्ड कॉलची रांग. कारण हे सेटिंग ज्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह नाहीत अशा जवळजवळ सगळ्यांना गप्प करतं. बंगल्याचं बुकिंग करणारा नवा गिऱ्हाईक सेव्ह कसा असेल? पुण्या-मुंबईचा माणूस शुक्रवारी रात्री चार ठिकाणी फोन लावतो, जो उचलेल त्याच्याकडे जातो.

अँड्रॉइडवर गोष्ट वेगळी आहे. फोन अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ब्लॉक केलेल्या नंबरांच्या पानावर Unknown किंवा private नंबर ब्लॉक करायचं एक बटण बहुतेक हँडसेटवर असतं. ते फक्त ज्या कॉलला नंबरच नाही तेवढेच अडवतं. नवा गिऱ्हाईक, ज्याचा नंबर दिसतोय पण सेव्ह नाही, त्याचा फोन नेहमीसारखा वाजतो. नावं सारखी असल्यामुळे गोंधळ होतो, पण आयफोनचं Unknown म्हणजे "माझ्या यादीत नाही तो", आणि अँड्रॉइडच्या या बटणातलं unknown म्हणजे "ज्याचा नंबरच आला नाही तो". धंद्याचा फोन असेल तर अँड्रॉइडचं बटण चालू ठेवायला हरकत नाही, आयफोनचं मात्र बंदच ठेवा. घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनचं बरोबर उलटं. त्यांना ओळखीचेच फोन हवे असतील तर आयफोनचं सेटिंग चांगलं. फक्त ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी अँड्रॉइडचं बटण दाबायच्या आधी विचार करा, नाहीतर मस्कतचा फोन वाजणारच नाही.

शेवटचा भाग तक्रारीचा. इथे तीन वेगळ्या परिस्थिती आहेत.

नुसता संशयास्पद फोन आला, काही गमावलं नाही. नंबर न दिसणारा किंवा परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारा फोन आला तर 1963 किंवा 1800110420 या टोल फ्री नंबरवर कळवा, असे एसएमएस दूरसंचार विभाग पाठवत आलाय. बऱ्याच जणांनी ते जाहिरात समजून पुसून टाकले असतील. नंबर दिसत असेल तर संचार साथीवरचं चक्षू, म्हणजे sancharsaathi.gov.in, जास्त सोयीचं.

पैसे गेले. तर मग दुसरं काही करत बसू नका. लगेच 1930 ला फोन, आणि cybercrime.gov.in वर तक्रार. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. जेवढ्या लवकर कळवाल तेवढे ते मध्ये अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तिसरी परिस्थिती, धमक्या, घाण बोलणं, बाईमाणसाला रात्री-अपरात्री नंबर झाकून त्रास देणं. अशा घरातले लोक बऱ्याचदा म्हणतात, "नंबरच नाही, पोलीस काय करणार?" वर सांगितलं ते आठवा. नंबर झाकलेला असेल तर तो आपल्या कंपनीपर्यंत आलेला असतो. कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायचं बंधन कंपन्यांवर आहे. आपण ग्राहक म्हणून झाकलेला नंबर मागितला तर कंपनी देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण पोलीस तपासात त्या नोंदी मागवू शकतात. आणि ओळख लपवून धमकी देणं हा कायद्याने जास्त गंभीर गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये धमकीच्या शिक्षेशिवाय त्यासाठी आणखी दोन वर्षांपर्यंतची कैद सांगितली आहे.

पोलिसांना त्या नोंदींमध्ये आपला कॉल सापडावा म्हणून आपण एकच गोष्ट द्यायची असते, ती म्हणजे अचूक वेळ. कॉल लिस्टचा स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख, वेळ, किती सेकंद बोलणं झालं ते सगळं असतं. आपला स्वतःचा नंबर, कुठल्या कंपनीचं सिम, आणि काय बोलणं झालं ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. कॉल लिस्ट पुसू नका. "बारा-एकच्या सुमाराला आला होता" यापेक्षा "12:47 ला, 38 सेकंद" हे शंभरपट कामाचं.

याची मर्यादाही सांगतो, उगाच आशा लावत नाही. कॉल इंटरनेटवरून परदेशातून आला असेल तर नोंदीत तो कुठल्या कंपनीच्या दारातून आत आला एवढंच बऱ्याचदा सापडतं. त्यामागचा माणूस शोधणं कठीण असतं. पण त्रास देणारा ओळखीतला, गावातला, भावकीतला असेल, आणि असे त्रास बहुधा जवळचेच देतात, तर तो स्वतःला वाटतं तितका झाकलेला नसतो.

आपल्या तालुक्यात आणखी एक घोळ होतो. लोणावळा शहर, लोणावळा ग्रामीण, कामशेत, वडगाव मावळ ही पोलीस ठाणी पुणे ग्रामीणमध्ये येतात. तळेगाव दाभाडे, देहूरोड ही पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात. त्यामुळे लोकांना हेलपाटे पडतात. "हे आमच्या हद्दीत नाही" असं ऐकायला आलं तर शांतपणे सांगा की हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घेता येते, नंतर ती योग्य ठाण्याला वर्ग होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ही सोय आहे.

कुणाला असा फोन आला असेल आणि त्यात वेगळं काही घडलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. स्वतःचा नंबर मात्र कमेंटमध्ये टाकू नका. आणि रिंग रोडच्या मोबदल्याच्या नावाने आणखी कुणाला फोन आलाय का, तेही कळवा. उर्से पट्ट्यातले अजून दोघं तसं म्हणत होते.